सहा टक्के वाढले, पण कशावर?

सणासुदीला किंवा लग्नसराईत कपड्यांच्या दुकानात महिना-दोन महिने काउंटर सांभाळणारे तुमच्यापैकी बरेच जण असतील. काही जण इन्स्टाग्रामवर स्वतःचं छोटं बुटीक चालवतात. उरलेले आपण सगळे काउंटरच्या पलीकडचे, म्हणजे ग्राहक. तुम्ही कुठल्याही बाजूला असा, एक प्रश्न तुम्ही ऐकलेला तरी आहे किंवा विचारलेला तरी: ‘‘मागच्या वेळी याच जॅकेटचे एवढे झाले नव्हते, आता हे जास्तीचे कसले लावले?’’

त्यावर काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं, ‘‘जीएसटी वाढलाय, सरकारने वाढवलाय, आमच्या हातात नाही.’’ हे उत्तर बहुतेक वेळा खरं असतं आणि तरीही ग्राहकाचं समाधान होत नाही. कारण त्याने विचारलेलं असतं किती आणि कशावर, आणि आपण सांगतो कोणी. ग्राहक नाव ऐकून गप्प बसतो, पण मनात शंका घेऊनच बाहेर पडतो. त्याची शंका नेहमीच चुकीची असते असंही नाही. कर बदलला या एका वाक्याआड दुकानाची स्वतःची वाढही सहज लपते, कधी मुद्दाम, कधी नुसत्या चुकीच्या आकडेमोडीमुळे. ही आकडेमोड एकदा नीट समजून घेतली, की काउंटरच्या दोन्ही बाजूंना तिचा उपयोग होतो.

नेमकं काय बदललं?

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेची ५६वी बैठक झाली आणि तिथे ठरलेले नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. बातम्यांमधून आपल्यापर्यंत पोहोचलं ते ‘जीएसटी कमी झाला’ एवढंच. बऱ्याच वस्तूंसाठी ते खरंही होतं. तयार कपड्यांचं मात्र तसं सरळ नाही. तिथे काही कपड्यांवरचा कर उतरला आणि काहींवरचा चढला.

आधी एक नग १,००० रुपयांपर्यंतचा असेल तर ५ टक्के कर होता आणि त्याच्या वर १२ टक्के. आता ही रेघ २,५०० रुपयांवर सरकली आहे. एक नग २,५०० रुपयांपर्यंतचा असेल तर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. म्हणजे १,००० ते २,५०० रुपयांच्या मधले शर्ट, कुर्ते, जीन्स १२ वरून ५ टक्क्यांवर आले. २,५०० च्या वरची जॅकेट्स, लेहंगे, शेरवानी, सूट १२ वरून १८ टक्क्यांवर गेले. १,००० च्या आतल्या कपड्यांना काहीच फरक पडला नाही.

काउंटरवरची पंचाईत इथून सुरू होते. ग्राहक ‘कमी झाला’ हे ऐकून दुकानात आलेला असतो आणि त्याच्या हातात असतं नेमकं महागलेलं जॅकेट. ‘टीव्हीवर तर कमी झाला म्हणाले’ या त्याच्या वाक्यात खोट काढण्यासारखं काही नाही. त्याला अर्धीच बातमी मिळाली आहे, उरलेली अर्धी दुकानाने द्यायची असते.

एका जॅकेटचा हिशेब

समजा, एका जॅकेटच्या लेबलवर जुनी किंमत ३,३६० रुपये आहे, सर्व करांसह. यात जॅकेटची स्वतःची किंमत किती आणि कर किती? जुना दर १२ टक्के होता, म्हणून ३,३६० ला १.१२ ने भागायचं. उत्तर येतं ३,०००. हीच मूळ किंमत, बिलावर जिच्यासमोर ‘करपात्र मूल्य’ असं लिहिलेलं असतं. उरलेले ३६० रुपये कर.

आता नवा दर १८ टक्के. ३,००० वर १८ टक्के म्हणजे ५४० रुपये. नवं बिल ३,५४० रुपयांचं. जुन्यापेक्षा १८० रुपये जास्त, आणि हे पूर्ण १८० रुपये कराचेच. दुकानाचे ३,००० होते, ३,०००च राहिले.

आता याच ठिकाणी होणारी चूक बघा. दर १२ वरून १८ झाला, म्हणजे ‘सहा टक्के वाढले’, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसतं. मग घाईत कोणी तरी जुन्या लेबलवरच सहा टक्के चढवतं. ३,३६० चे सहा टक्के होतात २०१ रुपये ६० पैसे. बिल होतं ३,५६१ रुपये ६० पैसे. खऱ्या हिशेबापेक्षा २१ रुपये ६० पैसे जास्त.

हे २१ रुपये कुठून आले? जुन्या ३,३६० मध्ये ३६० रुपये आधीच कराचे होते आणि आपण त्या करावरही सहा टक्के लावले. सहा टक्क्यांची वाढ ही मूळ किमतीवर असते, जुन्या बिलावर नसते. जुन्या बिलाच्या तुलनेत पाहिलं तर खरी वाढ सहा टक्के नाहीच, साधारण ५.३६ टक्के आहे. म्हणजे कोणाच्याही मनात पाप नसताना, फक्त चुकीच्या आकड्यावर टक्के लावल्यामुळे, ग्राहकाला ज्याची भीती वाटत होती तो छुपा आकार खरोखरच तयार झाला. एका जॅकेटमागे २१ रुपये म्हणजे फार नाहीत, पण दिवसाला पन्नास जॅकेट्स विकणाऱ्या दुकानात ते हजाराच्या वर जातात. ग्राहकाने घरी जाऊन मोबाइलवर भागाकार केला, की त्या दुकानाने ‘सरकारने वाढवलाय’ म्हणून सांगितलेलं सगळंच त्याला खोटं वाटायला लागतं.

उलट्या बाजूनेही तीच चूक

हीच गफलत ग्राहकाच्या बाजूनेही होते. एका शर्टची जुनी किंमत करांसह २,०१६ रुपये होती. १.१२ ने भागलं की मूळ किंमत १,८००. त्यावर आता ५ टक्के, म्हणजे ९० रुपये. नवं बिल १,८९० रुपये. ग्राहकाचे १२६ रुपये वाचले.

पण ग्राहक म्हणतो, ‘‘कर सात टक्क्यांनी कमी झाला ना? मग २,०१६ चे सात टक्के १४१ रुपये होतात. माझे १५ रुपये तुम्ही ठेवून घेतले.’’ तो मनापासून बोलत असतो आणि त्याचा गुणाकारही बरोबर असतो. फक्त टक्के त्याने चुकीच्या आकड्यावर लावलेले असतात. अशा वेळी ‘‘असं नसतं हो’’ म्हणून चालत नाही. १,८०० हा आकडा त्याच्यासमोर ठेवावा लागतो. आधी १,८०० वर २१६ कर होता, आता १,८०० वर ९० आहे, फरक १२६. दोन्ही वेळा १,८०० तेच आहेत हे दिसलं, की वाद उरत नाही.

मग सांगायचं कसं?

इथे बोलण्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे. आपण सहसा सुरुवात करतो करापासून: ‘‘जीएसटी वाढलाय.’’ ग्राहकाच्या कानाला हे वाढीचं समर्थन वाटतं. त्याऐवजी सुरुवात न बदललेल्या गोष्टीपासून करायची. ‘‘जॅकेटची आमची किंमत ३,००० आहे, ती आधीही ३,०००च होती. त्यावर आधी ३६० कर होता, २२ सप्टेंबरपासून २,५०० च्या वरच्या कपड्यांना ५४० झाला. म्हणून १८० जास्त.’’ या तीन वाक्यांत ग्राहकाला हवं ते सगळं आलं. काय बदललं नाही, काय बदललं, कधीपासून आणि किती रुपयांनी.

टक्क्यांऐवजी रुपये सांगा. ‘सहा टक्के’ म्हटलं की ऐकणारा आपल्या मनाने कशावर तरी सहा टक्के लावतो आणि त्याचा आकडा आपल्या आकड्याशी जुळत नाही. ‘१८० रुपये’ म्हटलं की दोघांच्या डोक्यात एकच आकडा असतो.

‘एक्स्ट्रा’ हा शब्द टाळा. ‘‘वर जीएसटी एक्स्ट्रा’’ असं आपण सहज बोलून जातो. पण ‘एक्स्ट्रा’ म्हणजे नंतर चढवलेलं, आणि छुपा आकार म्हणजेही नेमकं तेच. ‘‘करासह ३,५४०’’ हा आकडा ट्रायल रूमच्या बाहेरच सांगितला तर काउंटरवर नवं काही कळत नाही.

वेळेचा हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. कपड्यांच्या आणि इतर मोठ्या दुकानांत बिल करताना अचानक पिशवीचे पैसे लावायचे, यावरून अनेक ग्राहक तक्रार मंचांकडे गेले होते. २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने अशाच एका प्रकरणात ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला. आक्षेपाचा मुख्य मुद्दा असा होता, की ग्राहकाने वस्तू निवडून झाल्यावर, पैसे देण्याच्या क्षणी हा आकार समोर आला, आधी तशी कल्पना दिलेली नव्हती. पिशवीचे पैसे हा कर नाही आणि दोघांची गल्लत करू नये. पण ग्राहकाला फसवल्यासारखं का वाटतं, याचं उत्तर त्यात आहे. रक्कम किती यापेक्षा ती कोणत्या क्षणी कळली हे त्याला जास्त लागतं. कर पूर्ण कायदेशीर असला तरी तो शेवटच्या क्षणी कळला, तर तोही पिशवीच्या पैशांसारखाच वाटतो.

आणखी एक बारीक गोष्ट. बिलावर १८ टक्के एका ओळीत दिसत नाहीत. महाराष्ट्रातल्या दुकानात महाराष्ट्रातच विकलेल्या कपड्यावर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी अशा दोन ओळी येतात, एक केंद्राची आणि एक राज्याची. ‘‘दोनदा कर लावलाय’’ अशी तक्रार यातूनच येते. बिल हातात देताना ‘‘या दोन ओळी मिळून १८’’ एवढं बोट ठेवून सांगितलं तरी पुरतं.

२,५०० ची रेघ

आता जरा विचित्र वाटणारा भाग. मूळ किंमत २,५०० असलेल्या कुर्त्यावर ५ टक्के कर, बिल २,६२५ रुपये. मूळ किंमत २,५०१ असेल तर १८ टक्के, बिल २,९५१ रुपये १८ पैसे. किमतीत एका रुपयाचा फरक आणि बिलात ३२६ रुपयांचा. कारण २,५०० च्या वर गेलं की फक्त वरच्या एका रुपयावर नाही, तर पूर्ण किमतीवर १८ टक्के लागतात. इन्कम टॅक्समध्ये टप्प्याटप्प्याने दर वाढतो, तशी सोय इथे नाही.

सेलमध्ये यातून आणखी गंमत होते. दुकानाने बिलावरच दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट आधी वजा होते आणि उरलेल्या किमतीवर कराचा दर ठरतो. करापूर्वी २,८०० रुपये किंमत असलेला एक कुर्ता घ्या. सूट नसेल तर १८ टक्क्यांनी बिल ३,३०४. दहा टक्के सूट दिली तर किंमत २,५२०, अजून रेघेच्या वरच. बिल २,९७३ रुपये ६० पैसे. पंधरा टक्के सूट दिली तर किंमत २,३८०, म्हणजे रेघेच्या खाली. कर ५ टक्के, बिल २,४९९ रुपये. सूट १४० रुपयांनी वाढली आणि बिल ४७४ रुपयांनी उतरलं.

मैत्रिणीने तोच कुर्ता पंधरा टक्के सूट असताना घेतला आणि तुम्ही आठवड्याने दहा टक्के असताना, तर तुम्हाला हे बिल उघड लूट वाटेल. तुमच्यासमोर दोन्ही बिलं ठेवून २,५२० आणि २,३८० हे आकडे दाखवल्याशिवाय ते पटणार नाही. काउंटरवर असाल तर सेलच्या काळात कोणते कपडे या रेघेच्या आसपास आहेत, त्यांची यादी आधीच काढून ठेवा. वाद बहुतेक तिथेच होतात.

रेघेबद्दलचा दुसरा गैरसमज एकूण बिलाचा. २,००० रुपयांचे तीन कुर्ते घेतले, बिल ६,००० वर गेलं, म्हणून १८ टक्के लागत नाहीत. दर प्रत्येक नगाच्या किमतीवर ठरतो. तिन्ही कुर्ते २,५०० च्या आत आहेत, त्यामुळे कर ५ टक्के, म्हणजे एकूण ३०० रुपये. कोणी पूर्ण ६,००० वर १८ टक्के लावले असतील, तर ती दुकानाच्या सॉफ्टवेअरची किंवा माणसाची चूक आहे आणि ती तिथेच दुरुस्त करून मागता येते.

ॲडव्हान्स दिला होता, तरीही?

सगळ्यात कडू भांडणं होतात ती आगाऊ नोंदणीची. एका मुलाने ऑगस्ट २०२५ मध्ये लग्नासाठी शेरवानी पसंत केली. त्याच्या मापाची दुकानात नव्हती, म्हणून मागवायची ठरली. किंमत ९,००० रुपये, त्यावर तेव्हाचे १२ टक्के म्हणजे १,०८०, एकूण १०,०८०. त्याने ४,००० ॲडव्हान्स दिला. नोव्हेंबरमध्ये शेरवानी आली, त्याच दिवशी बिल झालं आणि आकडा निघाला १०,६२०. ‘‘ऑगस्टमध्ये ठरलं होतं, पैसेही दिले होते. मग हे ५४० कसले?’’

या उदाहरणातला मुलगा काल्पनिक आहे, प्रश्न मात्र खरा आहे आणि कायद्यात त्याला उत्तर आहे. दर बदलाच्या काळात तीन तारखा बघतात: वस्तू दिली ती तारीख, बिल केलं ती तारीख आणि पैसे मिळाले ती तारीख. सोप्या भाषेत सांगायचं तर या तिघींपैकी दोन ज्या बाजूला पडतील, त्या बाजूचा दर लागतो. शेरवानीच्या बाबतीत ॲडव्हान्स २२ सप्टेंबरच्या आधी, पण शेरवानी दिली नंतर आणि बिलही नंतर. दोन विरुद्ध एक. म्हणून नवा दर. ऑगस्टमध्येच पूर्ण पैसे घेऊन पक्कं बिलही झालं असतं, तर शेरवानी नोव्हेंबरमध्ये मिळूनही जुना दर लागला असता.

नियम सांगितला की काम संपलं असं मात्र नाही. ॲडव्हान्सच्या पावतीवर काय लिहिलं होतं, हे बघायला हवं. ‘किंमत ९,०००, कर डिलिव्हरीच्या दिवशीच्या दराने’ असं लिहिलं असेल, तर ५४० रुपयांबद्दल ग्राहकाला आधीच कल्पना दिली होती. पावतीवर फक्त ‘एकूण १०,०८०, सर्व करांसह, किंमत पक्की’ असं असेल, तर ग्राहकाला दिलेला शब्द १०,०८० चा आहे. सरकारला कर १८ टक्क्यांनीच भरावा लागेल. दुकानाने शब्द पाळायचं ठरवलं तर १०,०८० ला १.१८ ने भागून ८,५४२ रुपये ३७ पैसे ही दुकानाची किंमत उरते आणि १,५३७ रुपये ६३ पैसे करात जातात. दुकानाच्या खिशाला ४५७ रुपयांचा फटका. तो सोसायचा की ग्राहकाशी बोलून वाटून घ्यायचा, हे मालकाने ठरवावं. काउंटरवरच्या मुलाला तेवढ्यासाठी ग्राहकासमोर एकटं उभं करू नये.

प्रामाणिकपणाची कसोटी मात्र एक आहे. हाच नियम उलट्या दिशेनेही लावला का? त्याच ऑगस्टमध्ये कोणी १,८०० चा कुर्ता मागवला असेल आणि तो नोव्हेंबरमध्ये बिलासकट हातात आला असेल, तर त्याला आपोआप ५ टक्क्यांचं बिल मिळायला हवं, त्याने मागितलं नाही तरी. वाढ झाली की ‘नियम आहे’ आणि घट झाली की ‘आधीच ठरलं होतं’, असं दुकान करत असेल तर ग्राहकाचा संशय योग्यच आहे.

खरोखर लपवलंय का, हे कसं ओळखाल?

आता पूर्णपणे ग्राहकाच्या बाजूने बघू. पहिली तपासणी मूळ किमतीची. त्याच कपड्याचं जुनं बिल किंवा जुनं लेबल मिळालं तर त्यातली मूळ किंमत काढा आणि नव्या बिलावरच्या करपात्र मूल्याशी ताडून बघा. ३,००० चे ३,००० असतील तर वाढ फक्त कराची. ३,००० चे ३,१५० झाले असतील तर दुकानाने किंमतही वाढवली आहे. तो त्याचा हक्क आहे, कापड महागतं, भाडं वाढतं. पण मग सांगताना दोन्ही गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात: एवढे किमतीचे, एवढे कराचे. सगळं ‘जीएसटी’ या एका शब्दाखाली ढकललं, तर ती लपवाछपवी झाली.

दुसरी तपासणी लेबलची. दर बदलले तेव्हा जुन्या मालावर नव्या किमतीचं स्टिकर लावायची मुभा केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दिली होती. त्यासोबत अट होती, की मूळ छापील किंमत झाकायची नाही आणि फरक करातल्या बदलापेक्षा जास्त ठेवायचा नाही. जुन्या किमतीवरच चिकटवलेलं स्टिकर दिसलं, तर खालचा आकडा बघायला मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरी तपासणी दुकानाची. जीएसटी नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला बिलात जीएसटी लावताच येत नाही. छोट्या व्यापाऱ्यांसाठीची ‘कंपोझिशन’ योजना घेतलेल्यांनाही ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि तसं त्यांच्या बिलावर लिहिलेलं असावं लागतं. इन्स्टाग्रामवरून कपडे घेताना ‘‘प्लस जीएसटी’’ म्हणणाऱ्याला त्याचा जीएसटी क्रमांक विचारा. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. gst.gov.in वर तो टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की नाही हे दिसतं. क्रमांकच नसेल, तर तो ‘कर’ सरकारकडे जाणार नाही हे उघड आहे. तुम्ही स्वतः असं पेज चालवत असाल आणि नोंदणी केलेली नसेल, तर ‘प्लस जीएसटी’ हे शब्द तुमच्या पोस्टमध्ये असताच कामा नयेत.

आकडे जुळत नसतील तर आधी दुकानातच विचारा, कारण निम्म्या वेळा सॉफ्टवेअरमध्ये जुना दर किंवा चुकीची रेघ राहिलेली असते. तिथे दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रार करताना दोन्ही बिलांचे फोटो हाताशी ठेवा. ‘जास्त लावले’ या तक्रारीपेक्षा ‘मूळ किंमत ३,००० असताना ३,५४० ऐवजी ३,५६१ घेतले’ ही तक्रार फार वेगळी असते.

आणि काउंटरवर असाल तर एक छोटी पाटी करा. ‘२,५०० रुपयांपर्यंतचा एक नग: कर ५ टक्के. त्यावरील नग: कर १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून. लेबलवरची किंमत करासह आहे.’ ती काउंटरच्या मागे नको, तिथे ती पैसे देतानाच दिसते. ट्रायल रूमच्या दाराशी लावा. आरशासमोर जॅकेट घालून उभ्या असलेल्या माणसाला ३,५४० हा आकडा तिथेच कळला, तर घ्यायचं की नाही हे तो तिथेच ठरवतो.